नवा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना अर्थ फॉल्टवर ट्रिप. मेगर मात्र उत्तम

मिरकरवाडा_बर्फ
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. मे महिन्यात आमचा जुना ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काढून १००० केव्हीएचा नवा बसवला. ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, डीवायएन११, इम्पिडन्स ५ टक्के. व्हीसीबी जुनाच, सीटी जुन्याच (७५/५, ५पी१०, १५ व्हीए), न्यूमरिकल रिलेही तोच.

सप्लाय गेला आणि परत आला की व्हीसीबी ऑन करतो. दहातल्या चार वेळा ब्रेकर धरतच नाही, लगेच पडतो. रिलेवर दर वेळी `50N TRIP`. दोन-तीनदा दिला की धरतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. पावसाळ्यात दिवसाला तीन-तीनदा सप्लाय जातो, त्यामुळे दर वेळी पोटात गोळा येतो. टाक्यांत बर्फ अर्धा जमलेला असतो आणि होड्या धक्क्याला लागलेल्या असतात.

मेगर तीन वेळा केला. एचटी ते अर्थ उत्तम, एचटी ते एलटी उत्तम. रेशो बरोबर. बुखोल्झमध्ये गॅस नाही. पुरवठादार म्हणतो ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे. सेटिंग करून गेलेला माणूस म्हणतो, रिले अर्थ फॉल्ट दाखवतोय म्हणजे अर्थ फॉल्ट आहेच. मी कोणाचं ऐकू?

सड्यावरचा
किनाऱ्यावरच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. तुमचं दुखणं खारं वारं आहे. बुशिंगवर मिठाचा थर बसतो, पावसाळी दमट हवेत तो ओला होतो आणि करंट जमिनीत जातो. बुशिंग गोड्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा, ट्रिपिंग थांबेल. आम्ही दर पंधरा दिवसांनी हेच करायचो.

मिरकरवाडा_बर्फ
काका, बुशिंग धुऊन झाली. आमचं केबल बॉक्सचं टर्मिनेशन आहे, उघडं बुशिंग एचटी बाजूला नाहीच. तेही उघडून पाहिलं, ट्रॅकिंगची खूण नाही.

चिपळूण_टेस्टिंग
सेटिंग करणाऱ्याची बाजू मांडतो, कारण मीही तेच काम करतो. एचटी ग्राहकाचा अर्थ फॉल्ट संवेदनशील आणि झटपट असावा, असा वीज कंपनीचा आग्रह असतो. तुमच्या आवारातला फॉल्ट तुमच्याच ब्रेकरने तोडला पाहिजे, गावचा फीडर पडता कामा नये. म्हणून आम्ही साधारण २० टक्के, डिले शून्य ठेवतो. तुमच्याकडेही तसंच असणार. सेटिंग वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी फॉल्ट शोधा.

मिरकरवाडा_बर्फ
हो दादा, अगदी तसंच आहे. 50N २० टक्के म्हणजे १५ अँपिअर, डिले ०. फेजचा 50 आहे ६०० अँपिअरवर. सगळं जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेळचं, कोणी हात लावलेला नाही.

मालवणी_पोर
माका एक विचारूचा होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाक आसंय. लोड पुरो काढून चार्ज केलो तर करंट कमी येवचो नाय काय? एलटीचो एसीबी ऑफ ठेवून बघल्यात?

मिरकरवाडा_बर्फ
एसीबी ऑफ ठेवूनच चार्ज करतो रे. तरीही पडतो.

खाडीकाठ
प्रोटेक्शनमध्ये माझी बावीस वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे: डीवायएन११.

तुमची एचटी वाइंडिंग डेल्टा आहे. डेल्टाला न्यूट्रल नाही. ११ केव्हीच्या तीन तारांतून ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारा करंट त्याच तीन तारांतून परत यायला हवा, दुसरी वाटच नाही. म्हणजे वाइंडिंग जमिनीला टेकलेली नसेल तर तिन्ही करंटची बेरीज प्रत्येक क्षणाला शून्य असते, चार्ज करताक्षणी उसळणारा इनरश करंट कितीही मोठा आला तरी. मग रिलेला अर्थ करंट दिसतो तो येतो कुठून? एक तर खरोखर एचटी बाजूला अर्थ फॉल्ट आहे किंवा सीटी खोटं सांगत आहेत. मेगर, रेशो आणि बुखोल्झ तिन्ही स्वच्छ आहेत, ब्रेकर एकदा धरला की दिवसभर धरतो. मला दुसरी शक्यता फार दाट वाटते.

आकडे बघा. १००० केव्हीएला ११ केव्हीवर पूर्ण लोडचा करंट ५२.५ अँपिअर. चार्जिंगच्या पहिल्या सायकलला शिखर याच्या आठ ते बारा पट जाऊ शकतं. दहा पट धरलं तर ५२५ अँपिअर. हा करंट साध्या साइन वेव्हसारखा दोन्हीकडे झुलत नाही. एका फेजला सगळे उंचवटे शून्याच्या एकाच बाजूला असतात, म्हणजे त्यात मोठा डीसी भाग असतो. सीटीच्या गाभ्याला डीसी पचत नाही. एकेका सायकलला थोडं थोडं फ्लक्स साचत जातं आणि दोन-तीन सायकलमध्ये तो सीटी सॅच्युरेट होतो. तिन्ही सीटी सारख्याच प्रमाणात होत नाहीत, कारण तिन्ही फेजचा इनरश वेगळा असतो. एकाने कमी सांगितलं की बेरीज शून्य राहत नाही. तुमचं सेटिंग १५ अँपिअर. ५२५ मधले जेमतेम तीन टक्के चुकले की ट्रिप.

जुन्या ५०० केव्हीएला पूर्ण लोड २६ अँपिअर आणि शिखर सुमारे २६२. तिथे १५ अँपिअर चुकायला जवळजवळ सहा टक्के फरक लागायचा, शिवाय सीटीवर डीसीचा ताणही निम्माच. म्हणून तेच सेटिंग इतकी वर्षं चाललं.

मालवणी_पोर
ताई, मग लोडाचो काहीच संबंध नाय?

खाडीकाठ
नाही. हा करंट गाभ्याला चुंबकत्व द्यायला लागतो. ब्रेकर नेमका व्होल्टेज शून्यातून जात असताना मिटला तर गाभ्याचं फ्लक्स नेहमीच्या दुपटीकडे जाऊ बघतं. त्यात गेल्या वेळी बंद करताना गाभ्यात राहून गेलेलं फ्लक्स त्याच दिशेचं असेल तर आणखी वर. खाडीला ओहोटी पुरी झाली नसताना पुन्हा भरती आली की पाणी बांधावरून जातं, तसं. व्होल्टेज शिखरावर असताना ब्रेकर मिटला तर त्या फेजला फारसं काही होत नाही. पण तीन फेज १२० अंशांनी लांब असतात आणि व्हीसीबीचे तिन्ही पोल जवळपास एकदम मिटतात, त्यामुळे कुठली ना कुठली फेज वाईट क्षणात सापडतेच. किती वाईट, ते नशिबावर. म्हणून दहात चार.

सड्यावरचा
ताईंचं पटतंय. पण मग सोपा उपाय आहे. आजकाल रिलेत सेकंड हार्मोनिक ब्लॉक असतो. १५ टक्के लावा आणि विसरून जा. डिफरेन्शियलला आम्ही हेच लावायचो.

खाडीकाठ
काका, साधन योग्यच आहे, पण विसरून जाण्यासारखं नाही. इनरशमध्ये सेकंड हार्मोनिक भरपूर असतं, हे खरं. पण तिन्ही फेजमध्ये सारखं नसतं, एखाद्या फेजमध्ये ते १५ टक्क्यांच्या खाली जातं. आणि ब्लॉक सरसकट लावला तर खरा फॉल्ट घेऊन चार्ज झालेल्या ट्रान्सफॉर्मरवरही रिले थांबून राहतो. ज्या क्षणी फॉल्ट उघडा पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच क्षणी. लावायचा तर वरची मर्यादा घालून लावा, म्हणजे करंट एका आकड्यापुढे गेला की ब्लॉक आपोआप सुटतो.

मिरकरवाडा, आता अंदाज थांबवू. तुमच्या रिलेत डिस्टर्बन्स रेकॉर्ड असणार, ट्रिपचं रेकॉर्ड उतरवून घ्या. फेजचे करंट आणि रेसिड्यूअल एकाखाली एक लावा. खरा अर्थ फॉल्ट असेल तर रेसिड्यूअल पहिल्या सायकलपासून असेल, साइन वेव्हसारखा, आणि कुठल्या तरी एका फेजच्या करंटशी जुळणारा. सीटीचा खोटेपणा असेल तर पहिली सायकल तो जवळपास शून्य असेल आणि मग वाढत जाईल.

दापोली_वायरमन
आमच्याकडेही हाच त्रास. पण उलटा. आमचा गावचा फीडर झाड पडून पाच-सहा तास बंद राहिला की सबस्टेशनातून चालू करताना पडतो. दोन-तीनदा पडतो. लोक म्हणतात लाइनमध्ये दोष आहे, आम्ही भर पावसात रानातून लाइन चालत तपासतो, काहीच सापडत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर तर कितीतरी वेळा असं झालं. हाही इनरशच का? फीडरवर साठेक ट्रान्सफॉर्मर असतील.

खाडीकाठ
दादा, तुमचा प्रश्न सख्खा भाऊ आहे, पण घर वेगळं. तिथे साठ ट्रान्सफॉर्मर एकदम चार्ज होतात. सगळ्यांचा इनरश एकाच क्षणी सुरू होतो, लाइनच्या इम्पिडन्समुळे थोडा दबतो पण टिकतो जास्त वेळ. त्यावर सगळ्या घरांचे फ्रिज आणि पंप एकदम सुरू होतात, तो करंट तर काही मिनिटं राहतो. पहिल्या क्षणाला पडत असेल तर सबस्टेशनच्या इन्स्टंटेनियसकडे बघायला हवं, काही सेकंदांनी पडत असेल तर आयडीएमटीच्या पिकअपकडे. फ्लॅग कुठला येतो?

दापोली_वायरमन
ते ऑपरेटरला विचारावं लागेल. आम्हाला फक्त ‘पडला’ एवढंच सांगतात. तोवर आम्ही मधला एबी स्विच उघडून अर्धा फीडर आधी घेतो, पाच मिनिटांनी बाकीचा. तसं केलं की धरतो.

खाडीकाठ
तसं केल्यावर धरतो म्हणजे लाइन बरी आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. फ्लॅग कळला की लिहा.

मिरकरवाडा_बर्फ
रेकॉर्ड उतरवलं. लॅपटॉपवर पहिल्यांदाच असं काही पाहिलं, म्हणून जसं दिसलं तसं सांगतो.

आर फेजला सगळे उंचवटे वर. सर्वांत उंच ४३० अँपिअर. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेघ सपाट, शून्यावर आडवी. वाय फेजला तसेच उंचवटे, पण खाली, थोडे लहान. बी फेजला दोन्हीकडे छोटे छोटे. रेसिड्यूअलची रेघ पहिल्या २० मिलिसेकंदांत जवळपास सरळ. मग आर फेजच्या उंचवट्याचा उतरता भाग कापल्यासारखा दिसायला लागतो, आणि तिथेच रेसिड्यूअलला टोक फुटतं. तिसऱ्या सायकलला ते २२ अँपिअरवर जातं आणि ट्रिप.

ताई, तुम्ही सांगितलंत तेच ना हे?

खाडीकाठ
तेच. तो ‘कापल्यासारखा’ भाग म्हणजे आर फेजचा सीटी सॅच्युरेट होण्याचा क्षण. ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे.

चिपळूण_टेस्टिंग
मान्य. मी फॉल्ट शोधायला सांगत होतो ते चुकलं. मग 50N ला १५० मिलिसेकंद डिले देऊन टाका. तोवर डीसी ओसरेल.

खाडीकाठ
डिले देता येईल, पण वर कोण बसलं आहे ते आधी बघा. मिरकरवाडा, सबस्टेशनात तुमच्या फीडरचं अर्थ फॉल्ट सेटिंग मिळेल का?

मिरकरवाडा_बर्फ
आज कनिष्ठ अभियंत्यांकडून मिळालं. पिकअप ४० अँपिअर, नॉर्मल इन्व्हर्स, टीएमएस ०.१. तिथे इन्स्टंटेनियस अर्थ फॉल्ट बंद आहे. आमच्या जागेची फॉल्ट लेव्हल तीन फेजला सुमारे ३००० अँपिअर.

खाडीकाठ
छान, आता हिशेब करू. तुमच्या एचटी केबलला समजा १००० अँपिअरचा खरा अर्थ फॉल्ट झाला. सबस्टेशनचा रिले किती वेळात पडेल?

```
t = TMS × 0.14 / ((I/Is)^0.02 − 1)
  = 0.1 × 0.14 / ((1000/40)^0.02 − 1)
  ≈ 0.21 s
```

तुमच्या रिलेचे १५० मिलिसेकंद, त्यावर तुमचा ब्रेकर उघडून आर्क विझायला ५०-६० मिलिसेकंद. झाले ०.२१ सेकंद. दोघे एकाच वेळी पडणार! फॉल्ट तुमच्या केबलमध्ये आणि अंधार सगळ्या बंदराला. चिपळूणदादा शून्य डिलेचा आग्रह धरतात त्याला कारण आहेच. डिले वाढवायचा तर वरचा टीएमएस वाढवायला हवा. तो वीज कंपनी वाढवेल का, आणि वाढवला तर ३३ केव्हीच्या बाजूशी जुळेल का, हा त्यांचा हिशेब.

५० मिलिसेकंदांचा छोटा डिले वरच्याशी जुळतो, पण तुमच्या रेकॉर्डमध्ये खोटा करंट तिसऱ्या सायकलला, म्हणजे ५० नंतरही वाढतोच आहे. तो पुरणार नाही.

म्हणून माझं मत सीबीसीटी. एकच गोल सीटी, ज्यातून तिन्ही कोअरची एचटी केबल एकत्र जाते. तीन फेजची बेरीज तिथे चुंबकीय पातळीवरच होते. इनरशची बेरीज खरोखर शून्य असल्यामुळे त्याच्या गाभ्याला डीसी फारसा दिसतच नाही. मग 50N झटपटही ठेवता येतो आणि संवेदनशीलही.

चिपळूण_टेस्टिंग
सीबीसीटी बसवताना एक गोष्ट पाहाच. एका ठिकाणी मी स्वतः फसलो होतो. केबलच्या स्क्रीनची आणि आर्मरची अर्थ वायर सीबीसीटीच्या आतून परत खाली आणून मग अर्थ बारला जोडायची. ग्लँड सीबीसीटीच्या खाली असेल, म्हणजे स्क्रीन आतून गेलेला नसेल, तर परत आणायची नाही. चुकलं तर खऱ्या फॉल्टचा स्क्रीनमधून परतणारा करंट मूळ करंटला खोडून काढतो आणि रिले आंधळा होतो. ट्रिप होत नाही म्हणून सगळे खूश असतात, आणि केबल जळते तेव्हा कळतं. बसवल्यावर एका कोअरमधून प्रायमरी इंजेक्शन करून ट्रिप बघा. आणि केबल भोकाच्या मधोमध ठेवा, एका कडेला टेकू देऊ नका.

खाडीकाठ
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आणखी एक, कोणी विचारलं नाही पण दिसतंय म्हणून: फेजचा 50 अजून ६०० वर आहे. ५ टक्के इम्पिडन्सला एलटी बसवर शॉर्ट झाला तर ११ केव्ही बाजूला ५२.५ / ०.०५ म्हणजे १०५० अँपिअरपर्यंत करंट येईल. मग एलटीचा एसीबी पडायच्या आधीच व्हीसीबी पडणार. १०५० च्या १.३ पट म्हणजे १४०० च्या आसपास न्या. इनरशच्याही वर जातो. आणि एचटी बाजूचा दोन फेजचा फॉल्ट २६०० च्या आसपास आहे, म्हणजे खरा फॉल्ट पकडायला भरपूर जागा उरते.

सड्यावरचा
पण सीटी ५पी१० आहे. ७५ च्या दहा पट, ७५० अँपिअर. त्यापुढे तो १४०० कसा दाखवेल?

खाडीकाठ
काका, अचूक प्रश्न. दहा पट ही मर्यादा १५ व्हीएचा पूर्ण भार असताना आहे. न्यूमरिकल रिले स्वतः नगण्य घेतो. पॅनेलपर्यंत दहा मीटर, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन सुमारे ०.१५ ओहम, म्हणजे ५ अँपिअरला ४ व्हीएच्या आत. सीटीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.२ ओहम धरला तर त्याचे ५ व्हीए. मग १० × (५+१५) / (५+४), म्हणजे बावीस पट. सुमारे १६५० अँपिअर. पुरतं. पण हे ०.२ माझं गृहीतक आहे, मिरकरवाडा प्रत्यक्ष मोजतील. ०.४ निघालं तर बावीसचे जेमतेम अठराच होतात, म्हणजे सुमारे १३५० अँपिअर, आणि १४०० ला थोडा कमीच पडतो.

मिरकरवाडा_बर्फ
उशिरा लिहितोय, माफ करा. गेल्या रविवारी शटडाऊन मिळाला.

सीबीसीटी बसवला. बसवणाऱ्याने स्क्रीनची वायर सरळ वरच अर्थ बारला जोडली होती. चिपळूणदादांची पोस्ट फोनवर उघडून त्याला दाखवली, मग काढून आतून खाली फिरवून घेतली. एका कोअरमधून करंट सोडून पाहिला, रिले पडला. तिन्ही कोअर तपासले. सीटीचा रेझिस्टन्स ०.२४ निघाला. आता 50N सीबीसीटीवर आहे आणि फेजचा 50 १४०० वर.

मग एलटी ऑफ ठेवून मधे पुरेसा वेळ सोडत पाच वेळा चार्ज केलं. पाचही वेळा धरला. रविवारनंतर सप्लाय सहा वेळा गेला, सहाही वेळा पहिल्याच प्रयत्नात धरला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. पाचही रेकॉर्ड ठेवली आहेत. चौथ्या वेळी बी फेजला सेकंड हार्मोनिक फक्त ९ टक्के दिसलं, बाकी दोन्ही फेजला ३० च्या वर. आणि शेजारच्या शेडमध्ये आमचा ३१५ केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर आधीच चालू होता. मोठा चार्ज करताना त्याचाही आवाज काही सेकंद वाढला, चांगला घुमल्यासारखा. त्याच्यावर काही परिणाम होतो का?

खाडीकाठ
९ टक्क्यांचं आश्चर्य नाही. काका, १५ चा ब्लॉक प्रत्येक फेजला वेगळा लावला असता तर बी फेज तिथे सुटली असती.

छोट्याचा आवाज: मोठ्याच्या इनरशमधला डीसी भाग लाइनच्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज तिरकं करतो, आणि आधीच चालू असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभाही हळूहळू एका बाजूला ढकलला जातो. दोघांचा इनरश मग एकमेकांत अडकून जास्त वेळ टिकतो. छोट्याचं स्वतःचं संरक्षण काय आहे, रिले की डीओ?

मिरकरवाडा_बर्फ
डीओ. फ्यूज किती अँपिअरचा ते उद्या खांबावर चढून बघावं लागेल, जुन्या माणसाने बसवलाय.

खाडीकाठ
बघा आणि लिहा. फ्यूजने एका चार्जिंगला ०.१ सेकंद बारा पट आणि ०.०१ सेकंद पंचवीस पट सोसायला हवं, असा ठोकताळा आहे. पण दुसऱ्याच्या चार्जिंगमुळे काही सेकंद येणारा हा करंट त्या ठोकताळ्यात बसत नाही. तुमच्या फ्यूजचा वक्र बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

दापोली_वायरमन
ताई, ऑपरेटरकडून कळलं. आमचा फीडर पडतो तेव्हा फ्लॅग फेजच्या इन्स्टंटेनियसचा असतो, ऑन करताक्षणीच. सेटिंग शीट मागितलंय, अजून दिलं नाही. अर्धा अर्धा फीडर घेणं चालूच आहे.